बॅटरी काढली की काचेचं ऑटो-अप बंद: रिसेट की मोटर? अनुभव सांगा

निलाक्षी

नवी बॅटरी बसवल्यापासून आमच्या गाडीच्या चारही काचा बटण एकदा वर खेचून सोडलं की पूर्ण वर जाईनात. बटण धरून ठेवलं तर जात होत्या, त्याही टप्प्याटप्प्याने. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्विचचा दिवा सतत लुकलुकत होता. एका मेकॅनिकने तो दिवा बघूनच "मोटरी गेल्या" असा निकाल दिला. चारही मोटरी एकाच दिवशी, तेही बॅटरी बदलल्याच्या मुहूर्तावर जातील हे काही पटेना. गाडीची पुस्तिका काढली, त्यात रिसेटची कृती सापडली आणि एक पैसाही न लागता काम झालं.

तुम्हाला असं झालंय का? रिसेट कसं केलंत, आणि मोटरच खराब असल्याचं कुणाच्या बाबतीत निघालं असेल तर ते कशावरून कळलं, तेही लिहा.

पान्हेवाला

बरं झालं धागा काढलात. दारांचं वायरिंग आणि काचा हेच माझं रोजचं काम, आणि या लुकलुकणाऱ्या दिव्यापायी चांगल्या मोटरी भंगारात गेलेल्या पाहिल्यात.

मोटरच्या दांड्यावर छोटं चुंबक असतं आणि शेजारचा सेन्सर त्याच्या फेऱ्या मोजतो. त्यावरून काच किती वर आहे ते कंट्रोलरला कळतं. मध्ये हात आला तर काच उलटी फिरायला हवी म्हणून हा सगळा हिशेब. अमेरिकेच्या नियमांत ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत काहीही अडकलं तर १०० न्यूटनचा दाब पडायच्या आत काच मागे फिरली पाहिजे, असं आहे. शेवटच्या ४ मिलिमीटरला सूट आहे, नाहीतर काच वरच्या रबरात घुसताना स्वतःच्याच रबराला घाबरून परत येईल. म्हणजे 'पूर्ण बंद' नेमकं कुठे, हे कंट्रोलरला ठाऊक असल्याशिवाय ऑटो-अप देणं धोक्याचं. बॅटरी काढल्यावर पुष्कळ गाड्यांत ती नोंद पुसली जाते आणि कंट्रोलर ऑटो-अप बंद करून टाकतो. दिवा तेवढंच सांगतो, की जागा ठाऊक नाही.

टोयोटाच्या गाड्यांत स्कॅनर लावला तर हा फरक लेखी मिळतो. B2313 आला तर जागा शिकवणं बाकी आहे, B2311 आला तर मोटरची तक्रार आहे. दुसऱ्या कंपन्यांचे कोड वेगळे, पण प्रश्न तोच विचारायचा.

रविवारचा ड्रायव्हर

इतकं कशाला? पॉवर विंडोचा फ्यूज काढायचा, दोन मिनिटं थांबायचं, परत बसवायचा. सगळं रिसेट. मी नेहमी हेच करतो.

पान्हेवाला

अहो, फ्यूज काढणं म्हणजे पुन्हा बॅटरी काढण्यासारखंच. कंट्रोलर अडकून बसला असेल तर त्याने जागा होतो, इथवर तुमचं बरोबर. पण काचेची जागा त्याला कोण शिकवणार? फ्यूज बसवल्यावर तुम्ही काच वर नेऊन बटण दाबून धरत असणार, खरं काम तिथे होतं.

सुमेधा_व

मग नेमकं धरायचं कसं? आमच्या दोन गाड्यांच्या पुस्तिकांत दोन तऱ्हा आहेत.

पान्हेवाला

तऱ्हा वेगळ्या असतातच, पुस्तिका म्हणेल तेच खरं. साधारण चाल अशी: इग्निशन ऑन, शक्यतो इंजिन चालू, म्हणजे व्होल्टेज पडत नाही. दारं बंद. बटण वर धरून काच पूर्ण बंद करायची आणि बंद झाल्यावरही काही सेकंद सोडायचं नाही. काही गाड्यांत त्याआधी काच पूर्ण खाली नेऊन तिथेही बटण धरावं लागतं. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक काच तिच्या स्वतःच्या दारावरच्या बटणाने शिकवावी लागते. ड्रायव्हरकडून मागची काच कितीही वेळा वर-खाली केली तरी दिवा लुकलुकतच राहतो.

हे चालू असताना काच उलटी फिरण्याची सोय बंद असू शकते. मुलांना आधी गाडीबाहेर काढा. आणि घाईने पुन्हा पुन्हा वर-खाली करू नका, मोटर तापली की स्वतःच बंद पडते. लोकांना वाटतं जळली. थोडा वेळ थांबलं की चालते.

तात्या

माझ्या गाडीत बॅटरी न काढताही डावीकडची काच एका झटक्यात वर जात नाही. रिसेट करून थकलो. मोटर गेली म्हणायची का?

निलाक्षी

तात्या, डावीकडच्या बटणावर 'ऑटो' लिहिलंय का?

तात्या

आत्ता बघून आलो. ड्रायव्हरच्या बटणावरच आहे. म्हणजे ती सोय तिथे कधी नव्हतीच! ठीक आहे, पण नवीन गाडीत द्यायला काय झालं होतं यांना?

सुमेधा_व

माझी खरी अडचण सांगते. बॅटरी बदलून रिसेट केलं, तीन काचा ठीक झाल्या. मागची उजवी मात्र वर जाते, चार बोटं उरली की थबकते आणि अर्धी खाली येते. दर वेळी त्याच उंचीवरून. मोटर बदला म्हणतात.

पान्हेवाला

दर वेळी तीच उंची, हे महत्त्वाचं. बटण धरून हळूहळू वर नेलीत तर जाते का? तिथे वेग मंदावतो का? आणि इंजिन बंद, आतला दिवा चालू ठेवून बघा, त्या जागी तो मंद होतो का?

सुमेधा_व

टप्प्याटप्प्याने जाते. तिथे आल्यावर रखडते आणि दिवा स्पष्ट मंद होतो.

पान्हेवाला

म्हणजे मोटर जोर लावतेय, वीज ओढतेय, पण काच कशाला तरी घासतेय. कंट्रोलरला वाटतं हात अडकला. दाराच्या चौकटीतलं रबर बघा. काच खाली करून कापडाने खाच पुसा, मग सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको, धूळ धरतं. मग पुन्हा रिसेट.

मोटर गेली असती तर उलट दिसलं असतं. बटण दाबल्यावर दिवा जराही मंद होत नाही, काच हलत नाही, आणि दारावर थाप मारली की अचानक चालते, तेव्हा मोटरचे ब्रश झिजलेत असं समजा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच जागची हलत नाही, तेव्हा काच उचलणाऱ्या मशीनची तार तुटलेली असते. मोटर निर्दोष.

सुमेधा_व

खाचेत वरच्या कोपऱ्यात रबर दुमडलेलं होतं, त्यात मातीचा थर. सरळ करून, पुसून, स्प्रे मारला. आता एका झटक्यात वर जाते, परत येत नाही.

बिनचौकटीचा

माझी गाडी बिनचौकटीच्या दारांची. दार उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते. बॅटरी काढल्यावर ती सरकत नाही आणि दार लावताना काच वरच्या पट्टीवर आदळते. म्हणून बॅटरी काढण्याआधी मी काचा थोड्या खाली करून ठेवतो.

निलाक्षी

हे ठाऊक नव्हतं. आणि रिसेट टिकतच नाही, असं कुणाचं?

गाडीवेडा

माझं. ड्रायव्हरची काच रिसेट केली की काही दिवस छान, मग पुन्हा ऑटो-अप गायब आणि दिवा लुकलुक. बाकीच्या तीन कधीच विसरत नाहीत. बॅटरी नवी, टर्मिनल घट्ट.

पान्हेवाला

एकच काच विसरते म्हणजे बॅटरीवर संशय कमी. फेऱ्या मोजणारा सेन्सर मधूनच आकडा चुकवत असेल, किंवा काच तिच्या पकडीत सरकत असेल. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर अर्धवट तुटली असली तरी असंच होतं. बंद काचेच्या कडेला खडूने खूण करून ठेवा. पुन्हा विसरली की काच पूर्ण वर न्या. खूण त्याच जागी आली नाही, तर पकड ढिली.

गाडीवेडा

खूण जागच्या जागी आहे, तरी विसरली. आता नळी उलगडून वायर बघतो. नाहीतर सेन्सर एकटा मिळत नाही म्हणतात, पूर्ण मोटरच घ्यावी लागेल. कुणी फक्त सेन्सर बदलून घेतलाय का?