मदत हवी आहे: संन्यासी स्वामींना पहिलंच पत्र, मायना आणि शेवट कसा लिहावा?

अबोली_
दत्त संप्रदायातल्या एका मठाच्या स्वामींना पत्र लिहायचं आहे. स्वामी सरस्वती परंपरेतले संन्यासी, वय ऐंशीच्या पुढे. फोन घेत नाहीत. मठातून सांगितलं, "पोस्टाने पत्र पाठवा, वाचून दाखवू." गुरुचरित्राच्या सप्ताहात खंड पडला, त्याचं काय करावं हे विचारायचं आहे आणि दर्शनाला कधी येऊ तेही. मसुदा असा आहे:

"श्री. … सरस्वती, तीर्थस्वरूप स्वामीजींना सा. न. वि. वि. … तुम्ही मला थोडा वेळ द्याल का? … कळावे, लोभ असावा. आपली नम्र, …"

काहीतरी चुकतंय एवढं कळतंय, नेमकं काय ते सांगा.

घाटमाथा
तीर्थस्वरूप बरोबर आहे, वडीलधाऱ्यांना तेच लिहितात. सा. न. वि. वि. पण चालेल. फक्त 'लोभ असावा' काढा, ते बरोबरीच्या माणसाला. आणि नुसतं श्री. नको, 'श्री श्री श्री १००८' लावा. मोठ्या माणसाला जितकं जास्त तितकं चांगलं.

जुनी_मोडी
'लोभ असावा'बद्दल घाटमाथा बरोबर बोलले, बाकीचं तपासायला हवं.

तीर्थरूप आई-वडिलांना, तीर्थस्वरूप त्यांच्या जागी असलेल्या काका-मामांना. दोन्ही नात्याचे मायने आहेत. संन्यास घेताना सगळी नाती सुटलेली असतात, म्हणून संन्याशाला हा मायना लागत नाही. ते पूर्वाश्रमीचे तुमचे सख्खे काका असते तरी नाही. तसंच पूर्वाश्रमीचं नाव किंवा आडनाव पाकिटावर कंसातसुद्धा घालू नका. पोस्टमनला सोपं जावं म्हणून लोक घालतात.

संन्याशाचा मायना ठरलेला आहे: 'श्रीमत् परमहंस परिव्राजकाचार्य', पुढे नाव, 'सरस्वती', 'स्वामी महाराज'. छापील पुस्तकात तो 'प. प.' असा दिसतो, टेंबे स्वामींच्या नावाआधी असतो तोच. लोक तो 'परमपूज्य' समजून वाचतात, पण परमपूज्य म्हणजे 'प. पू.' आणि तो गृहस्थ सत्पुरुषालाही चालतो. आकड्यांचं म्हणाल तर मठाच्या पत्रिकेवर जेवढे छापलेत तेवढेच लिहा. आपल्या मनाने वाढवलेला आकडा मठातल्या माणसाच्या लगेच डोळ्यांत भरतो.

नमस्काराच्या जागी 'ॐ नमो नारायणाय'. संन्याशाला तेच म्हणतात आणि ते 'नारायण' म्हणून उत्तर देतात. पत्रातही तसंच.

आता सा. न. वि. वि. पत्र वाचून दाखवलं जाणार आहे, हे तुम्हीच लिहिलंय. वाचणारा सेवेकरी कदाचित विशीतला असेल, तो आद्याक्षरांवर अडखळेल किंवा 'सा. न.' असंच वाचेल. संक्षेप एकही नको, सगळं पूर्ण लिहा. कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात.

निपाणीकर
आमच्याकडे दिगंबर मुनींना 'नमोस्तु' म्हणतात, आर्यिका माताजींना 'वंदामि'. मुनींच्या नावाआधी १०८ आणि माताजींच्या १०५. मला माताजींना चातुर्मासाचं विचारायचं आहे, मग मीपण नमो नारायणाय लिहू का?

जुनी_मोडी
नाही. तुम्ही लिहिलंय तेच बरोबर आहे: '१०५ आर्यिका … माताजी यांच्या चरणी वंदामि'. ज्याच्या परंपरेचं वंदन त्यालाच. बौद्ध भिक्खूंना लिहायचं तर 'पूज्य भदंत' आणि 'वंदामि भन्ते'. फडावरच्या कीर्तनकार महाराजांना 'ह. भ. प.' आणि 'रामकृष्ण हरी'.

मांडवी_काठ
संन्यासी म्हटलं की सरस्वतीच असंही नाही. गोव्यात पर्तगाळी मठाचे स्वामी माध्व परंपरेतले, त्यांच्या नावात 'तीर्थ' येतं आणि पुढे 'श्रीपाद वडेर'. तिथल्या पत्रिकेवरून नाव जसंच्या तसं उतरवून घ्यावं, दुसऱ्या मठाचा मायना तिथे डकवू नये.

अबोली_
खूप उपयोग झाला. आणखी दोन गोष्टी. आधीच्या स्वामींचा उल्लेख येणार आहे, 'कै.' लिहू ना? आणि दक्षिणा म्हणून पाकिटात पाचशेची नोट ठेवली तर?

जुनी_मोडी
'कै.' नको. संन्याशाला 'ब्रह्मीभूत' लिहितात.

नोट मुळीच नको. संन्यासी द्रव्याला हात लावत नाहीत, आणि पाकीट उघडणाऱ्याला पावतीशिवाय पैसे हाताळायला लागतात. संस्थानच्या कार्यालयात भरा आणि त्याचा पत्रात उल्लेखही करू नका, नाहीतर वेळ मागण्याच्या शेजारी पैसे दिसतात. पाकिटात ठेवायचंच असेल तर तुमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट ठेवा. उत्तर सेवेकरीच लिहिणार.

पुढे कधी घरी बोलवायचं झालं तर 'जेवायला यावे' लिहू नका, 'भिक्षेसाठी यावे' लिहा.

तुमच्या मजकुराचा मसुदा:

"।। श्री गुरुदेव दत्त ।।

श्रीमत् परमहंस परिव्राजकाचार्य श्री … सरस्वती स्वामी महाराज यांच्या चरणी,

ॐ नमो नारायणाय. शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी … , राहणार … . महाराजांना प्रथमच पत्र लिहीत आहे. ब्रह्मीभूत … स्वामी महाराजांच्या वेळेपासून आमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह होतो. या वर्षी चौथ्या दिवशी, बत्तिसावा अध्याय चालू असताना घरात सुतक आले आणि वाचन थांबले. सप्ताह पहिल्यापासून करावा की राहिलेले अध्याय वाचावेत, याविषयी महाराजांची आज्ञा व्हावी.

महाराजांना सवड असेल त्या दिवशी दर्शनास येण्याची इच्छा आहे. दिवस व वेळ मठातून कळवण्याची कृपा व्हावी.

कृपादृष्टी असावी, ही विज्ञापना.

चरणरज,
(पूर्ण नाव, पत्ता, फोन)"

यात 'तुम्ही' कुठेच नाही, सगळीकडे 'महाराजांना' आहे. 'वेळ द्याल का' असा प्रश्न विचारला की समोरच्यावर हो-नाहीचा भार पडतो, 'कृपा व्हावी'त तो पडत नाही. 'विज्ञापना' पेशवाईतल्या पत्रांत वरिष्ठांना लिहिताना येते. फार जुनाट वाटली तर 'ही नम्र विनंती' लिहा. 'आपली शिष्या' मात्र लिहू नका, अनुग्रह झालेला नाही.

सई_प
बायका साष्टांग घालत नाहीत ना? मग 'शिरसाष्टांग' कसं लिहायचं?

घाटमाथा
पत्रात चालतं हो, ती नुसती पद्धत आहे. माझी आजी लिहायची.

जुनी_मोडी
इथे दोन मतं आहेत. काही मठांत बायकांच्या पत्रात नुसतं 'चरणी मस्तक ठेवून नमस्कार' असतं, काही ठिकाणी कोणी बघत नाही. शंका असेल तर मस्तकवालं लिहा, त्याला कुठेच हरकत नाही.

मांडवी_काठ
सहीखाली गोत्र लिहावं का? आमच्याकडे लिहितात.

जुनी_मोडी
संकल्प किंवा अभिषेक सांगायचा असेल तर लागतं. नुसत्या शंकेच्या पत्रात मी लिहिणार नाही, पण तुमच्या मठाची रीत असेल तर त्यावर वाद घालणारा मी कोण?

अबोली, एक राहिलं. आषाढी पौर्णिमेला व्यासपूजा झाली की संन्याशांचा चातुर्मास सुरू होतो. बरेच जण तो चार पक्षांचा धरतात, म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपर्यंत स्वामी एकाच गावी. ते गाव मठाचंच असेल असं नाही. पत्र टाकण्याआधी मठात फोन करून यंदाचा मुक्काम विचारा आणि पाकिटावर तोच पत्ता घाला, खाली 'द्वारा व्यवस्थापक'. गुरुपौर्णिमेच्या आठवड्यात पत्र पोचलं तर ते त्या दिवसांच्या ढिगात जाईल, तेवढं टाळा.

अबोली_
आत्ताच फोन केला. मुक्काम नर्मदेकाठी आहे आणि तिथे मराठी वाचणारा सेवेकरी आहे की नाही, ते मठात कुणालाच माहीत नाही. पत्र हिंदीत करू का?