घुंगरांचे वाळे

"बारशाला घुंगरांचे वाळे घेतेय, ९२५चा हॉलमार्क आहे. मग काळजी नाही ना?"

हॉलमार्क फक्त शुद्धतेचा: हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. त्यासोबत एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक असेल तर 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासा. पण घुंगरू पक्कं आहे का, हे हॉलमार्क सांगत नाही. भाचीचं एक घुंगरू सातव्या महिन्यात गादीवर सापडलं. पाय तोंडात घालायचं वय ते, नशीब गिळलं नाही! सोनाराकडून घुंगरं काढून साधे, उघड्या तोंडाचे वाळे करून घेतले. पाय भरला की ते सैल करता येतात. टोकांवरून मलमलचा रुमाल फिरवा. धागा अडकला तर तिथेच घासून घ्या. झोपताना मात्र काढायचेच.