चेकआउट : बाकी, फोड की पुगणे?

शब्दवेडी
एका मासिकासाठी डार्ट्सवरचा लेख मराठीत आणते आहे. २०२३ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचं वर्णन आहे, मायकेल स्मिथ विरुद्ध मायकेल व्हॅन गर्वेन. ‘चेकआउट’ या एकाच शब्दाने दोन दिवस खाल्ले. एका वाक्यात स्मिथला ‘१४१ चा चेकआउट उरला’, म्हणजे तो आकडा झाला. पुढे ‘त्याने नेहमीचा चेकआउट निवडला’, म्हणजे मार्ग झाला. आणि ‘चेकआउट चुकला’ म्हणजे क्रिया. वर ‘चेकआउट टक्केवारी’ आहेच. तिन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द चालेल का? जाता जाता, त्यात ‘लेग’ आहे तो क्रिकेटमधला नाही एवढं मला कळलंय.

पाटणकर
हॉटेलची खोली सोडणे. दुपारी बाराच्या आत. अलीकडे ऑनलाइन खरेदीत पैसे भरायच्या पानालाही म्हणतात. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

शब्दवेडी
पाटणकर, प्रश्न पुन्हा वाचा. :)

लेस्टरकर
इथे पबच्या लीगमध्ये नऊ वर्षं खेळतोय, तेव्हा थोडं लिहितो. एक लेग म्हणजे ५०१ वरून शून्यावर यायचं. एका खेपेला तीन डार्ट. अट अशी की शेवटचा डार्ट डबलमध्येच बसला पाहिजे, म्हणजे बोर्डाच्या बाहेरच्या अरुंद पट्टीत, नाहीतर मधल्या बुलमध्ये, कारण बुल ५० म्हणजे २५ चा डबल धरतात. बाकी १ उरली, शून्याखाली गेलात किंवा डबलशिवाय शून्य झालं, तर बस्ट. ती खेप रद्द, आधीचा आकडा परत.

म्हणून माझ्या डोक्यात तीन वेगळे शब्द आहेत. उरलेला आकडा ती ‘बाकी’. तो तीन डार्टांत कसा वाटायचा ती ‘फोड’. आणि शेवटचा डबल मारणं याला मराठी सुचत नाही. आम्ही घरी सरळ ‘चेकआउट मारला’ म्हणतो.

स्मिथची त्या दिवशीची फोड: ट्रिपल २०, ट्रिपल १९, डबल १२. साठ, सत्तावन्न, चोवीस. नऊ डार्टांत लेग संपला. त्याच लेगमध्ये त्याच्या आधी व्हॅन गर्वेननेही नऊ डार्टांत संपवायची संधी घेतली होती आणि त्याचा डबल १२ च हुकला होता. तुमच्या लेखात ‘चेकआउट चुकला’ आहे तो बहुधा हाच.

आजोबा_सोंगटी
शब्द आहे की आपल्याकडे. सोंगटी पटावरून फिरून नेमकं दान पडून घरात गेली की ती ‘पुगली’. दान जास्त पडलं तर हलायचं नाही. तुमच्या या खेळात तेच चाललंय असं दिसतं. १४१ पुगला, ३२ पुगला. आमच्या आईच्या तोंडी हा शब्द रोज असे.

मुग्धा
आजोबा, शब्द झकास आहे, पण आमच्या पिढीला ‘पुगणे’ म्हणजे हात उलटेसुलटे टाकून कोणावर राज्य येणार ते ठरवणं. ‘व्हॅन गर्वेन पुगला’ वाचून मला तो लपंडावातून सुटला असं वाटेल.

आजोबा_सोंगटी
सुटलाच की तोही! मुळात एकच.

कॅरमवाला
मला शब्दापेक्षा मार्गाचं सांगा. आम्ही ऑफिसात बोर्ड लावलाय. सगळे म्हणतात शेवटी ३२ ठेवायचे, डबल १६ सर्वांत सोपा, कारण अर्धा अर्धा होत जातो. मी ३८ ठेवला तरी काय बिघडतं? डबल तो डबल. पट्टी सगळीकडे सारखीच रुंद.

लेस्टरकर
पट्टी सारखीच, फरक पडतो तो चुकल्यावर. डबल १६ वर मारताना डार्ट तारेच्या आत पडला तर साधा १६, बाकी १६, आता डबल ८. पुन्हा आत पडला तर डबल ४, मग २, मग १. प्रत्येक डार्ट डबलवरच. ३८ वर डबल १९ चुकून आत पडला की बाकी १९, विषम. आता एक डार्ट नुसता सम करण्यात जातो, उदाहरणार्थ साधा ३ मारून १६ करायचे.

माझ्यासारख्याचा हात धरून हिशेब मांडतो. समजा डबलवर मारलेल्या दहा डार्टांपैकी दोन बसतात, तीन आत साध्यात पडतात, पाच बाहेर जातात. शेजारच्या घरात कधी जात नाही असं धरू, आणि सम करायचा साधा डार्ट नेहमी बसतो असंही. ३२ वर तिन्ही डार्ट डबलवरच मारायला मिळतात, म्हणून शंभर खेपांत साधारण ४९ वेळा लेग संपतो. ३८ वर पहिला डार्ट आत पडला तर दुसरा सम करण्यात जातो, दुसरा आत पडला तर तिसरा वाया. शंभरात ४१ वेळा. म्हणजे त्याच हाताने, त्याच पट्टीवर, आठ लेग नुसते आकड्यामुळे गेले.

कॅरमवाला
मग ४० तर आणखी वाईट? ४०, २०, १०, आणि मग ५. अडकला.

लेस्टरकर
इथेच बहुतेकांची गल्लत होते, माझीही बरीच वर्षं होती. मोजून बघा. ४० वर पहिला डार्ट डबल २० वर, आत पडला तर दुसरा डबल १० वर, तोही आत पडला तर तिसरा डबल ५ वर. तिन्ही डबलवरच! एका खेपेपुरते ४० आणि ३२ सारखेच, तेच ४९. पाच उरून अडकायला ओळीने तीनदा आत पडावं लागतं. ‘१६ अर्धा होत जातो’ हे खरं आहे, पण त्याचा फायदा चौथ्या डार्टापासून.

खरा फरक वर मी बाजूला ठेवला तिथे आहे, शेजारच्या घरात. बोर्डावर १६ च्या एका बाजूला ७, दुसऱ्या बाजूला ८. डबल १६ वर मारताना डार्ट सरकून साध्या ८ मध्ये गेला तरी बाकी २४, डबल १२ तयार. २० च्या शेजारी १ आणि ५. कुठेही सरका, ३९ किंवा ३५, दोन्ही विषम. तेव्हा तुमचा डार्ट पट्टीच्या आतबाहेर चुकत असेल तर काही फरक नाही, शेजारच्या घरात सरकत असेल तर १६. आधी स्वतःची चूक कुठे पडते ते बघा.

मुग्धा
आणि १६ उरल्यावर? डबल ८ मारताना सरकून साध्या १६ मध्ये गेला तर?

लेस्टरकर
शून्य झालं, पण डबलशिवाय. बस्ट. गेल्या हिवाळ्यात मी निर्णायक लेग असाच घालवला. डार्ट तारेला लागून वरच्या ८ ऐवजी खालच्या १६ मध्ये. माझे कॅप्टन काही बोलले नाहीत, नुसते पेला घेऊन उठले.

सरासरीराव
तीन डार्टांच्या सरासरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्रिकेटमध्ये धावा भागिले बाद झालेले डाव, तसं इथे एकूण गुण भागिले खेपा. शब्दवेडी, ‘प्रतिखेप सरासरी’ लिहा, सुटसुटीत.

लेस्टरकर
जवळपास बरोबर, पण शेवटच्या खेपेत मार खाल. लेग १७ डार्टांत संपला तर पाच पूर्ण खेपा आणि सहावीत दोनच डार्ट. तुमच्या रीतीने ५०१ भागिले ६, म्हणजे ८३.५. खरी रीत: ५०१ भागिले १७, गुणिले ३, म्हणजे ८८.४. न फेकलेला डार्ट मोजत नाहीत. बस्टचे मात्र गुण शून्य आणि डार्ट खात्यावर.

सरासरीराव
मान्य. मग जास्त सरासरीवाला जिंकतो ना? आमच्याकडे तसं नसतं म्हणा.

लेस्टरकर
नाही! समजा मी दुसरा खेळतोय. १५ डार्टांत ४६९ केले, बाकी ३२, सरासरी ९३.८. समोरच्याने अठराव्या डार्टावर संपवला, त्याची ८३.५. लेग त्याचा. मी ३२ वर उभा, हातात डार्ट, मारायची पाळीच आली नाही. सरासरी सांगते की तुम्ही खाली किती वेगाने आलात. डबल कसा बसतो हे तिच्यात मिसळून जातं, वेगळं दिसत नाही. त्यासाठीच टक्केवारी: डबलवर मारलेल्या दहा डार्टांपैकी चार बसले तर ४०.

मोठ्या खेळात दोन्ही बाजू वेगाने आल्या तर काय होतं ते २०१७ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात दिसलं. रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्डची सरासरी १०९.३४ आणि तो ६-१ ने हरला. समोर व्हॅन गर्वेन ११४.०५ वर होता.

शब्दवेडी
टक्केवारीत फोडीतले साधे डार्ट मोजत नाहीत तर. मग लेखातलं हे वाक्य: ‘५२ वर त्याने २० ऐवजी १२ घेतला, शहाणपणाने.’ साधा २० मारून ३२ ठेवायचे सोडून १२ मारून ४० का? ३२ बरे ना, सरकलं तरी?

लेस्टरकर
छान प्रश्न. २० वर मारताना डार्ट ट्रिपलमध्ये घुसला तर ६०, म्हणजे ५२ वर थेट बस्ट. १२ च्या ट्रिपलमध्ये घुसला तर ३६ गेले, बाकी १६, डबल ८ तयार. चूक झाली तरी खेप जिवंत. उलट ज्यांचा हात पक्का असतो ते ट्रिपल आणि डबल यांच्यामधल्या रुंद भागावर नेम धरतात आणि बिनधास्त २० घेतात. मी १२ घेतो. माझ्या टीममधला एक जण यावर माझ्याशी दर गुरुवारी भांडतो.

मुग्धा
मग १४१ ची फोडही अशीच कोणती तरी शहाणी असेल?

लेस्टरकर
तिथे शहाणपणाला फार वाव नाही. पहिला ट्रिपल हुकून साधा २० पडला की १२१ उरतात आणि दोन डार्टांत जास्तीत जास्त ११० पुगतात. तिन्ही बसायलाच हवेत, म्हणून ज्याचा हात जिथे बसतो ती फोड. जॉन लोने १९८४ मध्ये टीव्हीवरचा पहिला नऊ डार्टांचा लेग याच १४१ वर संपवला, पण ट्रिपल १७, ट्रिपल १८, डबल १८ असा. बोर्डावर १७ आणि १८ ही घरं एकमेकांपासून लांब आहेत, तरीही.

आजोबा_सोंगटी
‘११० पुगतात’ लिहिलंत! माझं काम झालं.

लेस्टरकर
आलं हाताखालून. :)

शब्दवेडी
आकड्याला ‘बाकी’, मार्गाला ‘फोड’ घेते. क्रियेसाठी संपादक ‘पुगणे’ कापतील असं वाटतं, पण पहिल्या परिच्छेदात सोंगटीचं एक वाक्य घालून पाठवून बघते. ‘चेकआउट टक्केवारी’चं काय करायचं ते अजून कळत नाही. ‘डबलची टक्केवारी’ चालेल का? बुल त्यात येतो ना?

लेस्टरकर
बाकी ५० असताना मारला तर येतो. पण बोर्डावर बुल पट्टीत नाही, त्यामुळे वाचकाला ‘डबल’ म्हटल्यावर तो आठवणार नाही.

पाटणकर
वाचलं सगळं. हॉटेलातही बिल नेमकं भरल्याशिवाय सोडत नाहीत, एवढंच म्हणतो.