मदत हवी आहे: जाळीच्या बॅगेत टाकूनसुद्धा ओढणीचे धागे ओढले गेले

गंगापूर_रोडवाली: आमच्याकडे सात किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे. भाचीच्या साखरपुड्याला घातलेली जॉर्जेटची ओढणी, दोन ब्लाऊज, एक लेगिंग आणि सासूबाईंचा गाऊन असं सगळं मेन रोडवरून आणलेल्या जाळीच्या पिशवीत भरलं, पिशवी अगदी गच्च झाली, आणि मिक्स सायकलला लावलं ज्यात स्पिन हजारावर असतो. बाहेर काढलं तर ओढणीला एका ओळीत सात-आठ ठिकाणी धागे ओढलेले, आणि लेगिंगवर पावडरचे पांढरे डाग. मग बॅगेचा उपयोग काय? बॅग भिकार आहे की माझं काही चुकलं?

सिडको_सुहास: ताई, पैठणी असेल तर मशीनमध्ये टाकूच नका हो, ड्राय क्लीनिंगलाच द्या. आमच्या येवल्याच्या पाहुण्यांनी बजावून ठेवलंय.

गंगापूर_रोडवाली: अहो पैठणी कुठे आली मध्येच 😄 ओढणी आहे, जॉर्जेटची.

नीता_इंदिरानगर: सगळे कपडे उलटे करून टाकायचे आणि सायकल डेलिकेट ठेवायची, मग बॅगसुद्धा लागत नाही. मी दहा वर्षं तेच करतेय.

पंचवटीकर_काका: उलटं करणं जीन्सला बरोबर. चेन पूर्ण वर ओढून, बटण लावून, मग उलटी करायची, म्हणजे चेनचे दात दुसऱ्या कपड्याला आणि ड्रमला घासत नाहीत. पुढून हुकाच्या ब्लाऊजला मात्र ते उलट पडतं, कारण हुक आतल्या बाजूला शिवलेले असतात, ब्लाऊज उलटा केला की तेच बाहेर येतात. तो सुलटाच ठेवायचा, सगळे हुक लावायचे, एकही मोकळा नको, आणि पुढची बाजू आत जाईल अशी घडी घालायची.

आता तुमची ओढणी. बॅग तिला बाहेरच्या कपड्यांपासून वाचवते, पण तुम्ही हुकवाले ब्लाऊज तिच्याच सोबत आत कोंडले, म्हणजे चोर घरातच. एका ओळीत ओढलंय म्हणताय, ते हुकाचंच काम वाटतं, ड्रमच्या भोकाने घासलं असतं तर असं ओळीत न येता कुठेही पसरून आलं असतं. ब्लाऊज एका बॅगेत, ओढणी दुसऱ्या. आणि ब्लाऊजच्या बॅगेची जाळी बारीक हवी, मोठ्या भोकांतून हुकाचं टोक बाहेर येतं. बोट फिरवून बघा, टोचलं तर ती बॅग हुकाच्या कामाची नाही, मोजे घाला तिच्यात.

पावडरचे डाग का, तर पिशवी गच्च. अर्धी, फार तर पाऊण भरायची, आत कपडा हलला पाहिजे, नाहीतर पाणी आतपर्यंत जात नाही आणि साबणही निघत नाही.

गंगापूर_रोडवाली: बापरे, एक हुक तुटलेला होता, आता आठवलं. आणि सायकलचं काय? नीताताई म्हणतात डेलिकेटला बॅग नको.

पंचवटीकर_काका: डेलिकेटमध्ये ड्रम हळू आणि कमी फिरतो, बऱ्याच मशिनींत पाणीही जास्त घेतं, त्यामुळे घासणं कमी होतं, पण मोकळा हुक हळू फिरला तरी अडकतोच. दोन्ही हवं. पाणी थंड किंवा तीस, स्पिन ४०० ते ६००. स्पिनमध्ये कपडे ड्रमला चिकटून दाबले जातात, हजारावर ते जास्तच. कमी स्पिनला कपडे ओले निघतील, ते न पिळता टॉवेलवर पसरायचे.

मखमलाबाद_मधुरा: आमच्याकडे तर ब्राची तार निघून ड्रमच्या भोकात घुसली होती, खडखड खडखड आवाज. मेकॅनिकने ड्रम उघडला. तेव्हापासून तारवाली ब्रा बॅगेशिवाय जात नाही, हुक लावून, एका बॅगेत एक-दोनच. काका, पण फक्त एक ओली बॅग ड्रममध्ये टाकली की मशीन स्पिनलाच जात नाही, नुसतं इकडून तिकडे झुलत बसतं.

पंचवटीकर_काका: वजन एकाच बाजूला जातं म्हणून. एका मोठ्या पिशवीऐवजी दोन लहान करा आणि सोबत दोन-तीन सुती हलके कपडे टाका. जीन्स नको, ती बॅगेला बडवते. आणि बॅगेची स्वतःची चेन ओढून तिचं टोक त्या इलॅस्टिकच्या कप्प्यात सरकवा, नाहीतर तीच दुसऱ्याला ओरबाडते.

नीता_इंदिरानगर: माझं टॉप लोड आहे हो, त्यामुळे वेगळं असेल कदाचित. पण माझ्या नाड्यांचा कायम गुंता होतो, हे खरं.

पंचवटीकर_काका: टॉप लोडमध्ये खालची चकती कपडे पिळवटते, म्हणून तिथे तर बॅग आधी हवी ताई.

गंगापूर_रोडवाली: काल केलं. नवी बारीक जाळी, ब्लाऊज वेगळे, ओढणी एकटी, डेलिकेट, स्पिन ४००. नवीन धागा एकही ओढला नाही, लेगिंगही स्वच्छ. जुने ओढलेले धागे मात्र तसेच आहेत, कापू का?

मखमलाबाद_मधुरा: कापू नका, भोक पडेल! सुईने मागच्या बाजूला ओढून घ्या.

गंगापूर_रोडवाली: जॉर्जेटला सुईनेच अजून वाढलं तर? आणि टिकल्यांचा एक ब्लाऊज आहे, तो बॅगेत टाकायचा धीर होत नाहीये, कुणी टाकलाय का?