‘थ्रेशोल्ड’ला काय म्हणायचं? मर्यादा, उंबरठा की आणखी काही?

ओळखीची_अक्षरं: मंडळी, एक अडलंय. एका कारखान्यासाठी पगारपत्रक तपासायची मार्गदर्शिका मराठीत करून देतेय, पीएफ, ईएसआय आणि प्रोफेशनल टॅक्सची कपात बरोबर आहे का ते कसं बघायचं याची, कारकुनांच्या हातात द्यायची आहे. मूळ मजकुरात दर दोन ओळींनी ‘वेज थ्रेशोल्ड’ येतं. मी पहिल्यांदा ‘वेतन उंबरठा’ लिहिलं तर तिथल्या अकाउंट्सच्या माणसाला हसूच आवरेना, म्हणाला ताई आम्ही पगार करतो, गृहप्रवेश नाही. मग सगळीकडे ‘वेतन मर्यादा’ केलं. तर आता तोच म्हणतो की तुमचं मराठी वाचून पोरांनी चुकीची कपात केली! म्हणजे शब्द चुकला की पोरं चुकली? आणि कपात म्हणावं की वजावट, तेही सांगा.

शुद्धमती: ‘वेतन मर्यादा’ उत्तम आणि प्रचलित शब्द आहे. बाकी पीएफ, ईएसआय ही आद्याक्षरं कशाला? भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा, व्यवसाय कर असे धडधडीत मराठी शब्द असताना! आणि ‘कपात’ पाण्याची होते, पगारातून होते ती ‘वजावट’.

बारा_टक्के: शुद्धमती, वजावट मूळची अरबी हो, वजा तिकडूनच आलं. पगार पोर्तुगीज. शुद्ध ठेवायचं म्हटलं तर महिनाअखेरीला हातात काहीच राहणार नाही 😄 शिवाय वजावट म्हटलं की आमच्याकडे इन्कम टॅक्समधली सूट आठवते. पगारातून जाते ती कपात, हे पक्कं.

मूळ प्रश्नाबद्दल, मर्यादा बरोबरच आहे की. १५ हजाराच्या वर बेसिक गेला की पीएफ नाही, २१ हजाराच्या वर ग्रॉस गेला की ईएसआय नाही. सोपंय.

मस्टरवाली: बारा_टक्के, असं नाहीये, आणि नेमकी इथेच पोरं चुकली असणार. वीस वर्षं पगार करतेय म्हणून सांगते, ‘मर्यादा’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्यात. ओळखीची_अक्षरं, त्या पत्रकातली एखादी ओळ इथे टाकता का, नाव काढून? मग बोलू.

मी_पगारदार: माझा एक जुना प्रश्न आहे. मी नोकरी करतो, माझा कसलाच व्यवसाय नाही, तरी दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतात. हे कायदेशीर आहे का? आणि फेब्रुवारीत ३०० का? फेब्रुवारी तर दोन दिवस लहान!

शुद्धमती: १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या असे चारही आहेत, बोलताना पहिलाच शब्द उरला एवढंच. ‘व्यावसायिक कर’ मात्र कृपया म्हणू नका, तो कर व्यावसायिक नाही, व्यवसायावर आहे.

मस्टरवाली: आणि ३०० चं म्हणाल तर घटनेनेच या कराला वर्षाला २,५०० ची वेस घातली आहे. अकरा महिने २०० म्हणजे २,२००, उरलेले ३०० फेब्रुवारीत. हिशोब जुळवायचा महिना आहे तो, दिवसांशी संबंध नाही.

ओळखीची_अक्षरं: ही घ्या ओळ. एक ताई आहेत, जून २०२४ ला बेसिक आणि डीए मिळून १४,०००, घरभाडे ६,४००, एकूण २०,४००. कपात पीएफ १,६८०, ईएसआय १५३, प्रोफेशनल टॅक्स शून्य. जुलैत पगार वाढला, बेसिक-डीए १५,६००, घरभाडे ६,९००, एकूण २२,५००. कपात पीएफ १,८००, ईएसआय शून्य, प्रोफेशनल टॅक्स २००. महिना पूर्ण भरलाय, ओव्हरटाइम नाही. मला वाटलं पीएफच चुकलाय, १५,६०० चे बारा टक्के १,८७२ होतात ना?

मस्टरवाली: वाटलंच होतं. ज्याच्यावर तुम्ही बोट ठेवलंत तेच बरोबर आहे आणि बाकीची दोन्ही चुकली आहेत.

पीएफ बघा. १५,००० चा आकडा २०१४ च्या सप्टेंबरपासून आहे, आधी ६,५०० होता. तो दोन कामं करतो. पहिलं काम दारावरचं, आधी कधीच फंडाचा सभासद नसलेला माणूस रुजू होतानाच १५,००० च्या वर असेल तर त्याला आत घ्यायची सक्ती नाही. पण एकदा आत आला की नंतर पगार कितीही वाढो, पगार वाढला म्हणून बाहेर काढता येत नाही. दुसरं काम म्हणजे झाकण, सक्तीची वर्गणी १५,००० पर्यंतच्याच रकमेवर, म्हणजे जास्तीत जास्त १,८००. पूर्ण बेसिकवर १,८७२ कापणाऱ्या कंपन्याही आहेत, तेही चालतं, पण मग मालकाचा हिस्सा कशावर धरलाय तेही बघायचं आणि दर महिन्याला पद्धत बदलायची नाही. या कारखान्यात बाकीच्यांचा १५,००० वरच थांबत असेल तर १,८०० ठीक.

ईएसआयचा २१,००० (२०१७ च्या जानेवारीपासून) हा फक्त दारावरचा आकडा, तिथे झाकण नाहीच. आणि दारावरचा रखवालदारसुद्धा वर्षातून दोनदाच उठतो, १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला. एप्रिलला या ताई आत होत्या, म्हणून जुलैत २२,५०० झाले तरी सप्टेंबरअखेर त्या आतच, आणि वर्गणी सगळ्या २२,५०० वर. ०.७५ टक्क्याने होतात १६८.७५, ईएसआयला पैसे वरच्या रुपयात घेतात, म्हणून १६९. मालकाचे ३.२५ टक्क्याने ७३१.२५, म्हणजे ७३२. काही जण २१,००० वर थांबवून १५८ कापतात, तेही चूक. इथे घरभाडंही धरायचं बरं का, पीएफला ते सोडतात आणि मग तोच कॉलम ईएसआयला ओढून ठेवतात.

आता प्रोफेशनल टॅक्स. १०,००० च्या वर २०० हे पुरुषांचं. बायकांना २५,००० पर्यंत काहीच नाही, २०२३ च्या एप्रिलपासून. २२,५०० वर शून्यच यायला हवं. माझा अंदाज, बढतीबरोबर ताईंची ओळ दुसऱ्या शीटवर गेली असणार आणि तिथल्या फॉर्म्युल्यात स्त्री-पुरुष कॉलमच नसणार.

ओळखीची_अक्षरं: अगं बाई! खरंच दुसरं शीट आहे, ‘सुपरवायझर’ नावाचं. आणि ईएसआयच्या सेलमध्ये हे सापडलं:

```
=IF(H2>21000,0,ROUND(H2*0.75%,0))
```

मस्टरवाली: हाच तो. दर महिन्याला नव्याने दार लावतो. शिवाय ROUND असल्यामुळे १६८.२० चे १६८ होतील, १६९ नाही. एक वेगळा कॉलम ठेवा, एप्रिल किंवा ऑक्टोबरला (मधेच रुजू झाला असेल तर रुजू होताना) माणूस योजनेत होता का, Y किंवा N, आणि सहा महिने त्याला हात लावू नका.

```
=IF(D2="Y",ROUNDUP(H2*0.75%,0),0)
```

आणि पत्रक तपासताना नुसती बेरीज जुळवू नका. मागच्या महिन्याचं शेजारी लावा आणि ज्याची ईएसआय मधल्याच महिन्यात शून्य झाली त्या ओळी आधी काढा. एप्रिल-ऑक्टोबर सोडून इतर महिन्यात, पगार चालू असताना, शून्य दिसलं की समजायचं काहीतरी शिजलंय.

बारा_टक्के: बरं, माझी चूक, मान्य. पण मग जुलैचे १६९ ऑगस्टच्या पगारातून काढून घ्यायचे, संपलं.

मस्टरवाली: नाही ना. कामगाराचा हिस्सा ज्या महिन्याचा त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो. राहून गेला तर मालकाच्या खिशातून, वर व्याज. म्हणून तर पगार वाटायच्या आधी तपासायचं.

गिरणीचा_भोंगा: १६९ रुपयांसाठी एवढं काय म्हणणाऱ्यांना माझी गोष्ट सांगतो. मला मेमध्ये वाढ मिळाली, ग्रॉस २१ च्या वर गेला आणि कंपनीने मेपासूनच ईएसआय बंद केली. मीपण खूश, कपात वाचली! पुढच्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, आजारपणाच्या रजेचे पैसे मागायला गेलो तर म्हणाले एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी लागते, तुमचे दिवस फक्त एप्रिलचे. जानेवारी ते जूनचा लाभ त्या सहा महिन्यांवर ठरतो हे मला कोण सांगणार? कंपनीने नंतर भरले पैसे, पण माझं प्रकरण चार महिने टेबलावरून टेबलावर. आणि हो, आम्ही याला कधी ‘राज्य कामगार विमा’ म्हटलं नाही, ‘ईएसआय कटली’ एवढंच. पीएफला वडील नुसतं ‘फंड’ म्हणायचे. ‘फंडातून काढून बहिणीचं लग्न केलं’.

शुद्धमती: अनुभव बोलका आहे, पण प्रश्न शब्दाचा होता. मस्टरवालीताईंच्या म्हणण्यावरून मला वाटतं दारावरची ती ‘पात्रता मर्यादा’ आणि झाकण म्हणजे ‘गणना मर्यादा’. व्यवसाय कराला ‘टप्पा’. ‘वर्गणी’ मात्र नको, ‘अंशदान’ लिहा, वर्गणी गणपतीची.

मस्टरवाली: सरकारी भविष्य निर्वाह निधीत वर्गणीच म्हणतात हो, कुणी पावती पुस्तक घेऊन येत नाही. अंशदान लिहिलं तर आमची पोरं दान समजतील. ‘पात्रता मर्यादा’ मात्र पटलं नाही मला. पात्रता म्हटलं की कोणी दर महिन्याला तपासेल, परत तीच चूक. ‘प्रवेश मर्यादा’ म्हणा, आत आलेल्याला रोज कोणी प्रवेश विचारत नाही.

बारा_टक्के: आणि ‘गणना’ला जनगणना आठवते. सरळ ‘सीलिंग’ लिहा, सगळ्यांना कळतं.

मी_पगारदार: पण मग प्रवेशाबद्दलच बोलायचं तर आधीचा ‘उंबरठा’ काय वाईट होता? उंबरठा ओलांडून माणूस आत आला की आलाच.

ओळखीची_अक्षरं: हे अकाउंट्सच्या माणसाला तुम्हीच सांगा 😅 फक्त एक घोळ आहे, उंबरठा ओलांडला की आपण आत जातो, आणि २१ हजार ओलांडले की माणूस बाहेर. उलटा उंबरठा झाला!

शुद्धमती: संस्कृतात उदुंबर शब्दाला झाडाबरोबर उंबरठ्याचाही अर्थ आहे. आपला उंबरा त्यातूनच.

गिरणीचा_भोंगा: मग ते लाकूड उंबराचं असायचं म्हणून का? आमच्या जुन्या घराचा उंबरठा तर सागाचा होता.

शुद्धमती: तो नंतर बदलला असेल.

गिरणीचा_भोंगा: नाही हो, आजोबांनी स्वतः बसवलेला!

ओळखीची_अक्षरं: मंडळी, मला उद्या मार्गदर्शिका द्यायचीय… सध्या ‘प्रवेश मर्यादा’ आणि ‘सीलिंग’ असं लिहून पाठवतेय. आणि मस्टरवालीताई, ते सुपरवायझर शीट आत्ता पुन्हा उघडलं, त्यात अजून चार बायका आहेत, चौघींना २००.