मदत हवी आहे: शाळेच्या सर्वधर्म मेळाव्यासाठी मुलीचं ४ मिनिटांचं भाषण, विषय अनोळखी माणसाशी दयेनं वागणं

टिकेकरवाडी_लोकल:
नमस्कार मंडळी, सोलापूरकर असाल तर अजूनच बरं. मुलगी आठवीत आहे, शाळेत सर्वधर्म मेळावा आहे आणि तिला भाषण दिलंय, "अनोळखी माणसाशी कसं वागावं याबद्दल सगळे धर्म काय सांगतात". वेळ ४ मिनिटं. आम्ही दोघांनी बसून लिहिलं पण वाचून बघितलं तर प्रत्येक धर्माची एकेक ओळ झालीय, हिंदू धर्म म्हणतो अतिथी देवो भव, इस्लाम म्हणतो शेजाऱ्याला जपा, ख्रिश्चन धर्म म्हणतो शेजाऱ्यावर प्रेम करा, पुढे शीख, जैन, बौद्ध. पोरं ऐकणारच नाहीत, आणि तिला स्वतःलाच कंटाळा आलाय. वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळ्या घरची पोरं आहेत त्यामुळं कुणाचं राहून गेलं असंही नको. कुठल्या गोष्टी घ्याव्यात आणि कुठं चूक होऊ शकते ते सांगा प्लीज.

बाळीवेस_काका:
सहा धर्म सहा ओळी हे काढून टाका आधी. ४ मिनिटं म्हणजे सावकाश बोललं तर साधारण ४०० शब्द, आणि स्टेजवर पोरं घाईत बोलतात तरी त्यापेक्षा जास्त लिहू नका. तेवढ्यात तीन गोष्टी नीट बसतात.

पहिली इब्राहिमची घ्या. दुपारच्या उन्हात तो तंबूच्या दाराशी बसलाय, समोर तीन अनोळखी माणसं दिसतात. तो नाव विचारत नाही गाव विचारत नाही, उठून पळत जातो, पाय धुवायला पाणी देतो, सावलीत बसवतो, भाकरी करायला सांगतो, वासरू शिजवायला लावतो. पाहुणे देवाकडून आलेत हे नंतर कळतं. ही बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात १८व्या अध्यायात आहे आणि कुराणातही पाहुण्यांची गोष्ट येते, म्हणजे ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान तिघांची मिळून एकच गोष्ट झाली. तुमचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

दुसरी आपल्या जिल्ह्यातली. बसवण्णा मंगळवेढ्याला बिज्जळाच्या दरबारी होते. त्यांचं वचन आहे, इवनारव इवनारव इवनारवनेंदेनिसदिरय्या, इव नम्मव इव नम्मव इव नम्मवनेंदेनिसय्या. "हा कुणाचा, हा कुणाचा" असं लोकांना म्हणू देऊ नकोस, "हा आमचा, हा आमचा" असं म्हणू दे. यातली मोठी गोष्ट अशी की बसवण्णा हे स्वतःसाठी मागतायत, शेवटी मला तुझ्या घरचा मुलगा म्हणव असं म्हणतात. एवढा मोठा माणूस, दरबारात मान असलेला, आणि तो स्वतःला दारातल्या परक्याच्या जागी उभा करतो. मुलीला कन्नडमधूनच म्हणू द्या, वर्गातली निम्मी पोरं मान डोलावतील.

तिसरी भाई कन्हैयांची. आनंदपूरच्या लढाईत जखमींना पाणी पाजायचे, मशकीतून, आपला कोण परका कोण बघायचे नाहीत. शीख सैनिकांनी गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार केली की हा शत्रूलाही पाजतो. गुरूंनी बोलावून विचारलं तर म्हणाले, मला सगळ्यांत तुमचाच चेहरा दिसतो. गुरूंनी शिक्षा सोडाच, उलट मलम दिलं आणि सांगितलं, पाण्याबरोबर जखमेला हे पण लाव.

शेंगाचटणी_प्रेमी:
काका एकदम भारी. पण जैन राहिले की ओ. आमच्यात श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभाग व्रत आहेच, दारात येईल त्या पाहुण्याला वाटा द्यायचा, हे घाला त्यात.

निळी_सायकल:
मी पण जैन घरची, पण हे अर्धंच बरोबर आहे. त्या व्रतात मुख्यतः मुनींना, व्रती लोकांना आहार देणं धरलंय, रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला नाही. शाळेत कुणाचे आजोबा बसले असतील तर लगेच टोकतील. त्याऐवजी अभयदान घ्या, समोरचा कुणी का असेना, त्याला आपली भीती वाटू नये. आठवीच्या पोरीच्या तोंडी ते जास्त शोभेल आणि एका वाक्यात होतं.

शेंगाचटणी_प्रेमी:
आमच्या घरी पाहुण्यांबद्दलच ऐकलंय मी तरी. असो, घरी विचारून बघतो.

जुना_पूनानाका:
द्वारकानाथ कोटणीसांवर करा की भाषण! आपले सोलापूरचे, १९३८ ला चीनला गेले जखमी सैनिकांची सेवा करायला आणि १९४२ ला तिकडंच वारले. भाषा नाही माहीत, माणसं नाही माहीत, तरी गेले. माझ्या पुतण्यानं त्यांच्यावर बोलून पहिलं बक्षीस घेतलं होतं, हवं तर त्याचं भाषण शोधून देतो.

टिकेकरवाडी_लोकल:
दादा ही स्पर्धा नाहीये, आणि विषय धर्म काय शिकवतात असा आहे. पण कोटणीसांचं नाव पोरांना लगेच ओळखीचं वाटेल हे खरं, एखाद्या ओळीत येईल का बघतो.

फातिमा_आपा:
इब्राहिम अलैहिस्सलामची गोष्ट घेताय ते छान, पण एक सांभाळा. बायबलमध्ये पाहुणे जेवतात. कुराणात भाजलेलं वासरू समोर ठेवलं तरी त्यांचे हात जेवणाकडे जात नाहीत, कारण ते फरिश्ते असतात. मुलीनं "ते पोटभर जेवले" म्हटलं तर आमची पोरं म्हणतील चुकलं, "जेवले नाहीत" म्हटलं तर ख्रिश्चन पोरं म्हणतील. जेवण समोर ठेवलं, तिथंच गोष्ट थांबवायची. पाय धुण्याचं आणि उन्हाचं पण बायबलमधलं आहे, कुराणात ते तपशील नाहीत, तर ते सांगताना "बायबलमध्ये असं येतं" म्हणा.

आणि इस्लामसाठी फक्त शेजारी म्हणू नका. सूरह निसाच्या ३६व्या आयतीत आईवडील, नातेवाईक, अनाथ, गरीब, जवळचा शेजारी, लांबचा शेजारी, सोबतचा माणूस आणि वाटसरू, सगळ्यांशी चांगलं वागायला सांगितलंय. त्यातला वाटसरू हाच तुमचा विषय. अरबी मात्र तिला म्हणायला लावू नका, अर्थ सांगितला की पुरे. माझ्या भाचीच्या शाळेत एका मुलानं आयत चुकीची म्हटली, लोक हसले, बिचाऱ्याला रडू आलं.

आई_दोघांची:
मला एकच भीती वाटते. आम्ही घरी रोज सांगतो अनोळखी माणसाशी बोलू नको, काही दिलं तर घेऊ नको, आणि स्टेजवरून नेमकं उलटं ऐकणार का? पहिली दुसरीची पोरं पण बसतात ना मेळाव्याला?

बाळीवेस_काका:
ताई मुद्दा बरोबर आहे. या तिन्ही ठिकाणी मोठी माणसं आहेत आणि चारचौघांत आहेत, कुणी अनोळखी माणसाच्या मागे जात नाही, कुणी त्याच्याकडून काही घेत नाही. मुलीनं एक वाक्य टाकावं, "आपण लहान आहोत, म्हणून कुणाला पाणी हवं असेल, मदत हवी असेल तर आधी आई, बाबा, बाई यांना हाक मारायची." एवढं पुरेल असं मला वाटतं.

आई_दोघांची:
मला नाही वाटत पुरेल, लहान पोरं अर्धंच ऐकतात. ते वाक्य शेवटी नको, अगदी सुरुवातीला ठेवा.

भीमनगर_वाचक:
बौद्ध धम्म कुठंय? मेत्त सुत्तात मैत्री कुणाकुणासाठी सांगितलीय बघा, दिसणारे न दिसणारे, जवळ राहणारे लांब राहणारे, सगळ्यांसाठी. आई एकुलत्या एका लेकराला जपते तसं. तुमच्या तीन गोष्टींत हे बसत नसेल तर मग सर्वधर्म कसलं?

टिकेकरवाडी_लोकल:
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून परत लिहिलं. सुरुवात लहान पोरांसाठीच्या त्या वाक्यानं, मग इब्राहिम आणि वाटसरूची आयत, मग बसवण्णा, मग भाई कन्हैया. "हा कुणाचा" हा प्रश्न तिन्ही गोष्टींत धागा म्हणून ठेवला, प्रत्येक गोष्ट संपली की ती कन्नड ओळ परत म्हणते. घड्याळ लावून म्हणायला लावलं तर अजून थोडं जास्त होतंय. अतिथी देवो भव काढून टाकलं, सगळ्यांना पाठच आहे ते, पण बाई म्हणतायत हवंच. भीमनगरदादा, दिसणारे न दिसणारे ही ओळ भाई कन्हैयांच्या आधी टाकून बघितली, छान जोडली जाते पण मग कोटणीस आणि अभयदान दोन्ही बाहेर जातात. काय काढू?

निळी_सायकल:
कोटणीस काढा. अभयदान एकच वाक्य आहे, राहू द्या.

जुना_पूनानाका:
सोलापूरच्या शाळेत कोटणीस काढायचे? काहीतरीच काय.