मदत हवी आहे: पगार लांबला, तीन एसआयपी हप्ते परत गेले, आता काय करू?

सातवाप्रहर: निफ्टी ५० इंडेक्स फंडात दर सोमवारी २,५०० रुपयांची एसआयपी लावली होती. यंदा कंपनीने पगार तीन आठवडे लांबवला आणि ओळीने तीन हप्ते परत गेले. बँकेने प्रत्येक वेळी ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये कापले. ७,५०० ची खरेदी झालीच नाही, वर १,७७० गेले. आता ॲपवर एसआयपी 'रद्द' दिसतेय. मी रद्द केलेली नाही! साप्ताहिकच पुन्हा लावू की मासिक? आणि हुकलेले हप्ते पुढच्या वेळी एकदम कापले जातील का?

घाटावरचा: हो, पुढच्या हप्त्यात सगळे एकदम जातील, खात्यात १० हजार ठेव. फंड दंड लावत नाही, तो बँकेचाच असतो.

जमाखर्च: दंडाचं बरोबर, पहिलं चूक. हुकलेला हप्ता हुकलाच, फंड तो मागून वसूल करत नाही. साप्ताहिक आणि मासिक एसआयपी लागोपाठ तीन हप्ते चुकले की बंद होते. मासिकवाल्याला सावरायला तीन महिने मिळतात, तुम्हाला तीनच आठवडे मिळाले. शिवाय चार हप्ते म्हणजे दंडाच्या चार संधी. दीर्घ काळात साप्ताहिक आणि मासिकच्या परताव्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, म्हणून मी मासिकच घेईन.

पगार एरवी कधी येतो?

सातवाप्रहर: १ ते ७ च्या दरम्यान.

जमाखर्च: मग तारीख १० ठेवा. पैसे आदल्या रात्रीच खात्यात हवेत. वजावट पुष्कळदा सकाळीच होते, दुपारी भरून उपयोग नाही. रक्कम १० हजारांऐवजी ६ हजार लावा, म्हणजे ओढाताणीच्या महिन्यातही निघेल असा आकडा. हात मोकळा असेल त्या महिन्यात उरलेले ४ हजार त्याच फोलिओत एकरकमी टाका. हुकलेले ७,५०० ही तसेच भरता येतील, घाई नाही. बँकेचं मॅन्डेट मात्र रद्द करू नका. एसआयपी बंद झाली तरी ते बहुधा चालू असतं, ॲपमध्ये तपासा. नवीन एसआयपी त्यावरच जोडता येते.

मीनाताई: माझ्या भावाचा गाडीचा ईएमआय असाच परत गेला, सिबिल स्कोअर पार घसरला. तुमचाही गेला असेल बघा.

जमाखर्च: ताई, ते कर्ज होतं. एसआयपी कर्ज नाही, ती सिबिलला कळवली जात नाही.

घाटावरचा: पगार लांबणार हे आधी कळलं तर पॉज करता येतं ना?

जमाखर्च: येतं, पण बऱ्याच फंडांत वजावटीच्या काही दिवस आधी सांगावं लागतं. आदल्या दिवशी दाबलेला पॉज त्या हप्त्याला लागत नाही.

सातवाप्रहर: १० तारखेची ६ हजारांची लावतो. बँकेकडून १,७७० परत मिळाल्याचा कुणाला अनुभव आहे का? शाखेत 'अर्ज द्या, बघू' म्हणाले.

मीनाताई: आम्हाला एकदा एकाच वेळचे मिळाले होते, तेही खूप खेटे घातल्यावर.